चार-पाच भाडेकरूंच्या भाड्याचा हिशेब एका शीटमध्ये: बाकी, डिपॉझिट आणि दरवर्षीची वाढ

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला माझ्या मामांची इमारत आहे. खाली दोन गाळे, पहिल्या मजल्यावर दोन ब्लॉक आणि वर तीन खोल्या. खोल्यांमध्ये कधी इंजिनिअरिंगची मुलं असतात, कधी कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणारी. हिशेब मी बघतो. त्यातून जी मांडणी पक्की झाली ती इथे पायरीपायरीने देतो. गूगल शीट्समध्ये ती तशीच चालते. एक्सेल वापरत असाल तर 2019 किंवा त्यानंतरचं लागेल, कारण त्यातलं एक सूत्र जुन्या एक्सेलमध्ये नाही.

बहुतेक घरमालकांकडे वही असते, किंवा वहीसारखीच शीट: डावीकडे भाडेकरूंची नावं, वर बारा महिने, पैसे आले की चौकोनात बरोबरची खूण. सगळे पूर्ण भाडं वेळेवर देत असतील तर ही पद्धत पुरते. पण कुणी सहा हजारांतले चार हजार दिले, कुणी दोन महिन्यांचं एकदम दिलं, कुणी वाढ झाल्यावरही जुनंच भाडं पाठवत राहिलं, की चौकोन अपुरा पडतो. "किती यायला हवे होते" आणि "किती आले" या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच चौकोनात कोंबतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. म्हणून पहिला नियम असा: मागणी एका ठिकाणी, जमा दुसऱ्या ठिकाणी आणि डिपॉझिट तिसऱ्याच ठिकाणी.

सुरुवातीची तयारी

एक नवीन शीट उघडा आणि खाली सहा टॅब करा. सूत्रात टाकायला सोपी जावीत म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा: `Bhadekaru`, `Dar`, `Magani`, `Jama`, `Thev`, `Goshwara`. आतले मथळे खुशाल मराठीत लिहा.

काही टाकण्याआधी तारखेची सेटिंग बघा. गूगल शीट्समध्ये `File`, मग `Settings`, तिथे `Locale` मध्ये `India` निवडा. ते अमेरिकेचं राहिलं तर 05/06/2025 म्हणजे 5 जूनऐवजी 6 मे धरला जातो, आणि एका महिन्याची बाकी दुसऱ्याच महिन्यात दिसते. 25/06/2025 सारखी तारीख तर तारीखच मानली जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख आणि खरा आकडा चौकोनात आपोआप उजवीकडे सरकतो. डावीकडे चिकटला असेल तर शीट त्याला नुसता मजकूर समजते आहे. रकमेपुढे `6000/-` असं लिहायची आपल्याकडची सवयही इथे नडते. शीट त्याला आकडा मानत नाही, बेरजेत धरत नाही, आणि पैसे दिलेला माणूस थकबाकीत दिसतो. रक्कम नुसती `6000` लिहा.

`Bhadekaru` या टॅबमध्ये प्रत्येकाची एक ओळ: कोड, नाव, फोन, कराराची सुरुवात, मुदत किती महिने, करार संपण्याची तारीख आणि वाढीचा टक्का. सुरुवात D मध्ये आणि मुदत E मध्ये असेल तर संपण्याची तारीख अशी निघते:

```
=EDATE(D2,E2)-1
```

12 जून 2024 ला सुरू झालेला 11 महिन्यांचा करार 11 मे 2025 ला संपतो. हाताने मोजताना एक दिवस इकडेतिकडे होतो, सूत्रात होत नाही. आलेलं उत्तर आकड्यासारखं दिसलं तर त्या रकान्याला तारखेचं फॉर्मॅट द्या.

कोड खोलीचा नसावा, भाडेकरूचा असावा. दुसऱ्या ब्लॉकमध्ये आलेला पहिला भाडेकरू `B2-1`, तो गेल्यावर आलेला `B2-2`. नुसतं `B2` ठेवलंत तर जुन्याची बाकी नव्याच्या नावावर चढते आणि जुन्याचं परत केलेलं डिपॉझिट नव्याच्या खात्यातून वजा होतं. कोडाची सुरुवात अक्षराने करा. नुसतं `2-1` लिहिलं तर शीट त्याची तारीख करून टाकते.

दर: वाढ खोडून लिहायची नाही

दरवर्षीची वाढ नोंदवताना बहुतेक जण जुना आकडा पुसून नवा टाकतात. त्याबरोबर मागच्या सगळ्या महिन्यांचं भाडंही नव्या दराने मोजलं जातं, आणि ज्याने पै न् पै चुकती केली आहे त्याच्याकडे अचानक हजारोंची बाकी दिसू लागते. म्हणून `Dar` हा वेगळा टॅब. त्यात तीनच रकाने: A मध्ये कोड, B मध्ये कधीपासून, C मध्ये मासिक भाडं. वाढ झाली की खाली नवी ओळ टाकायची. जुन्या ओळीला हात लावायचा नाही.

एका ब्लॉकचं उदाहरण पुढे शेवटपर्यंत घेऊ. `B1-1` हे कुटुंब 12 जून 2024 ला राहायला आलं. भाडं 6,000, डिपॉझिट 30,000, करार 11 महिन्यांचा, नूतनीकरणाला 5 टक्के वाढ. `Dar` मध्ये त्यांच्या दोन ओळी होतात:

```
B1-1   12/06/2024   6000
B1-1   12/05/2025   6300
```

`Magani` मध्ये चार रकाने: A तारीख, B कोड, C कशाचे, D रक्कम. दर महिन्याच्या 1 तारखेला मागच्या महिन्याच्या भाड्याच्या ओळी खाली कॉपी करायच्या आणि फक्त तारीख बदलायची. रकमेच्या जागी हे सूत्र राहील:

```
=SUMIFS(Dar!C:C,Dar!B:B,MAXIFS(Dar!B:B,Dar!A:A,B2,Dar!B:B,"<="&A2),Dar!A:A,B2)
```

ही दुसऱ्या ओळीची प्रत आहे, खाली कॉपी केली की आकडे आपोआप पुढे जातात. सूत्राचं काम साधं आहे. त्या भाडेकरूचा, त्या तारखेपर्यंत लागू झालेला सगळ्यात अलीकडचा दर ते शोधून आणतं. मे 2025 ची मागणी 1 मे च्या तारखेची असल्यामुळे 12 मे पासूनचा नवा दर तिला लागत नाही, तो 1 जूनपासून लागतो. म्हणजे महिना तोडून अकरा दिवस जुन्या दराने आणि वीस दिवस नव्या दराने मोजायची कटकट राहत नाही. मात्र हे भाडेकरूला आधी सांगितलेलं आणि त्याने मान्य केलेलं असावं.

सूत्र चुकलं की कसं कळतं? भाडं 0 आलं तर त्या कोडाचा दर टाकायचा राहिला आहे किंवा कोड लिहिताना चूक झाली आहे. दुप्पट आलं तर `Dar` मध्ये एकाच तारखेच्या दोन ओळी पडल्या आहेत.

पहिला अर्धवट महिना मात्र हाताने लिहायचा. 12 ते 30 जून म्हणजे 19 दिवस. 6,000 ला 30 ने भागून 19 ने गुणलं की 3,800. तारीख 12/06/2024 टाकून रकमेत थेट 3,800 लिहा, सूत्र पुढच्या महिन्याच्या ओळीपासून. त्यानंतर सगळ्या भाडेकरूंचा महिना 1 तारखेवर येतो. प्रत्येकाचा महिना वेगळ्या तारखेला सुरू ठेवला तर पाच भाडेकरूंसाठी महिन्यातून पाच वेळा वसुलीकडे बघावं लागतं.

वाढीबद्दल करारात एक शब्द नीट बघा: टक्का मूळ भाड्यावर की चालू भाड्यावर? गाळ्याचं भाडं 15,000 आणि वाढ 10 टक्के असेल तर पहिल्या वाढीला दोन्ही रीतींनी 16,500 येतं. दुसऱ्या वाढीला चालू भाड्यावर 18,150 होतं आणि मूळ भाड्यावर 18,000. दीडशेचा हा फरक नव्या कराराच्या वेळी वादाला पुरतो, म्हणून वाक्य स्पष्ट असू द्या. आणि वाढ तोंडी ठरवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. गावभागात, खणभागात जुन्या वाड्यांमध्ये वर्षानुवर्षं राहणारे, याच कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू असतील तर तिथे मनाने टक्का लावता येत नाही. कायद्याने मिळणारी वाढ वर्षाला 4 टक्के आहे.

जमा: जसे आले तसे

`Jama` मध्ये A तारीख, B कोड, C रक्कम, D कसे आले, E पावती क्रमांक, F शेरा. पैसे हातात किंवा खात्यात आले त्या दिवसाची तारीख टाकायची. ते कुठल्या महिन्याचे हे लिहायच्या भानगडीत पडू नका. चार हजार आले तर चार हजारांची ओळ, दोन महिन्यांचे एकदम आले तर एकच ओळ. आधी सगळ्यात जुनी बाकी फिटते, मग पुढची, हे एकदा ठरवलं की शेवटी एकूण बाकी तेवढी महत्त्वाची राहते.

पावती द्याच, यूपीआयने पैसे आले तरीही. भाड्याची लेखी पावती देणं त्याच कायद्याच्या कलम 26 ने मालकावर बंधनकारक आहे. शिवाय नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्यासाठी पावत्या लागतात आणि वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं तर तो तुमचा पॅनही मागतो. पावती क्रमांक शीटमध्ये असला की मार्चमध्ये शोधाशोध होत नाही.

गाळा एखाद्या कंपनीकडे किंवा बँकेकडे असेल आणि ते टीडीएस कापून उरलेली रक्कम पाठवत असतील तर दोन ओळी टाका: खात्यात आलेली रक्कम एक, कापलेला टीडीएस दुसरी, D मध्ये "टीडीएस". कापलेला कर हा तुमच्याच नावाने सरकारात भरलेला असतो. तो जमा धरला नाही तर त्या भाडेकरूची बाकी दर महिन्याला खोटीच वाढत जाते.

सबमीटरचं लाईटबिल, पाणीपट्टीतला हिस्सा हे `Magani` मध्येच वेगळ्या ओळीने घ्या. C मध्ये "लाईट" लिहा आणि रक्कम हाताने. F रकान्यात मागचं आणि चालू रीडिंग लिहून ठेवा, कारण लाईटवरून प्रश्न निघाला तर लोक रक्कम विचारत नाहीत, रीडिंग विचारतात.

भाडं माफ केलं असेल तर मागणीची ओळ पुसू नका. 2019 आणि 2021 च्या महापुरासारखं पाणी पुन्हा गाळ्यात शिरलं आणि तुम्ही एक महिना सोडून दिलात, तर "सूट" नावाची उणे रकमेची ओळ टाका. म्हणजे भाडं होतं, ते तुम्ही सोडलं, हे दोन्ही नोंदीत राहतं.

बाकी निघते कशी

`Goshwara` मध्ये A रकान्यात कोड लिहा. B मध्ये आजचं भाडं:

```
=SUMIFS(Dar!C:C,Dar!B:B,MAXIFS(Dar!B:B,Dar!A:A,A2,Dar!B:B,"<="&TODAY()),Dar!A:A,A2)
```

C मध्ये बाकी:

```
=SUMIFS(Magani!D:D,Magani!B:B,A2,Magani!A:A,"<="&TODAY())-SUMIFS(Jama!C:C,Jama!B:B,A2)
```

उत्तर अधिक आलं तर येणं आहे, उणे आलं तर भाडेकरूने आगाऊ दिलं आहे. D मध्ये `=IFERROR(C2/B2,0)` टाकलं की बाकी किती महिन्यांची ते दिसतं. रकमेपेक्षा हा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो. गाळ्याचे आठ हजार बाकी म्हणजे अर्धा महिना, पण खोलीचे आठ हजार बाकी म्हणजे दोन महिने होत आले, आणि फोन आधी खोलीवाल्यांना करायचा असतो.

आता `B1-1` चा हिशेब 31 ऑगस्ट 2025 ला कसा दिसतो ते बघा. जून 2024 चे 3,800. जुलै 2024 ते मे 2025 असे 11 महिने 6,000 ने 66,000. जून, जुलै, ऑगस्ट 2025 हे 6,300 ने 18,900. एकूण मागणी 88,700. त्यांनी मे पर्यंतचे 69,800 पूर्ण दिले. पुढे जूनमध्ये 6,000, जुलैमध्ये 6,000 आणि ऑगस्टमध्ये 4,000 दिले. एकूण जमा 85,800. बाकी 2,900.

मामींच्या वहीत याच कुटुंबापुढे जून आणि जुलैला बरोबरची खूण होती आणि ऑगस्टला "4000 आले, 2000 राहिले". वाढ लागू झाल्याचं त्या कुटुंबाच्याही लक्षात नव्हतं, खूण करणाऱ्याच्याही. नऊशे रुपयांचा फरक तीन महिन्यांत पडला आणि कुणालाच तो दिसत नव्हता. असं वर्षभर चाललं की मग एकदम मागायला संकोच वाटतो, आणि देणाऱ्यालाही ते अन्यायाचं वाटतं. म्हणून मागताना नुसती एकूण रक्कम सांगू नका, फोड करून पाठवा. त्यांना पाठवलेला निरोप असा होता: "नमस्कार वहिनी, जूनपासून भाडं 6,300 झालं आहे. जूनचे 300, जुलैचे 300 आणि ऑगस्टचे 2,300 असे 2,900 बाकी दिसतात. तुमच्याकडे काही वेगळं असेल तर कळवा." एवढ्यावर त्यांनी करार काढून बघितला आणि पुढच्या आठवड्यात पैसे आले.

डिपॉझिट: आपल्याकडे असलं तरी आपलं नाही

डिपॉझिट `Jama` मध्ये कधीच टाकायचं नाही. टाकलंत तर नवा भाडेकरू आल्या दिवसापासून पाच महिने आगाऊ भरल्यासारखा दिसतो. त्यासाठी `Thev` टॅब: A तारीख, B कोड, C रक्कम, D कशासाठी. घेतलं की अधिक, परत दिलं किंवा वळतं केलं की उणे. गोशवाऱ्यात E मध्ये `=SUMIFS(Thev!C:C,Thev!B:B,A2)` टाकलं की कुणाचे किती आपल्याकडे आहेत ते कळतं. E ची एकूण बेरीज म्हणजे कधी ना कधी परत द्यायची रक्कम. तेवढे पैसे बँकेत मोकळे राहतील असं बघा, कारण दोन भाडेकरू एकाच महिन्यात गेले की ते लगेच द्यावे लागतात.

खरी कसोटी खोली सोडताना लागते. "काका, शेवटच्या महिन्याचं डिपॉझिटमधून कापून घ्या" हे वाक्य प्रत्येक घरमालकाने ऐकलेलं असतं. हरकत नाही, पण नोंद दोन ठिकाणी करायची. वरच्या `K2-3` खोलीतल्या मुलांचं भाडं 4,500 आणि डिपॉझिट 9,000 होतं. ऑगस्टचं भाडं आणि लाईटचे 640 राहिले होते, आणि फुटलेलं वॉशबेसिन बदलायला 1,000 लागले. `Thev` मध्ये त्यांच्या ओळी अशा झाल्या:

```
-4500   ऑगस्टचे भाडे वळते
-640    लाईट वळते
-1000   वॉशबेसिन
-2860   परत, यूपीआय
```

आणि त्याच तारखेला `Jama` मध्ये 4,500 आणि 640 च्या दोन ओळी, D मध्ये "डिपॉझिटमधून". वॉशबेसिनचे हजार `Magani` मध्ये नव्हतेच, म्हणून ते `Jama` मध्येही येत नाहीत. नोंद पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? गेलेल्या भाडेकरूची बाकीही शून्य आणि ठेवही शून्य दिसली पाहिजे. दोन्हीपैकी एक जरी शून्य नसेल तर एका टॅबमध्ये लिहून दुसऱ्यात लिहायचं राहिलं आहे. ही चार ओळींची फोड मुलांना जशीच्या तशी पाठवा, आणि दुरुस्ती असेल तर बिलाचा फोटोही.

महिन्याची तपासणी

महिन्यातून दोनदा बसलं की पुरतं. 1 तारखेला मागणी टाकायची, 10 च्या सुमाराला बँकेचं स्टेटमेंट उघडून यूपीआयच्या ओळी `Jama` शी ताडून बघायच्या. रोख मोजलेली आणि लिहिलेली एकच आहे का तेही तेव्हाच. मागणी चुकून दोनदा कॉपी झाली का हे कळायला `Magani` च्या E रकान्यात हे ठेवा:

```
=COUNTIFS(Magani!A:A,A2,Magani!B:B,B2,Magani!C:C,C2)
```

उत्तर सगळीकडे 1 हवं. 2 दिसलं तर एक ओळ जादा आहे.

करार संपण्याची आठवण `Bhadekaru` मध्येच मिळते. संपण्याची तारीख F मध्ये आणि वाढीचा टक्का G मध्ये असेल तर H मध्ये:

```
=IF(F2-TODAY()<=45,"करार बघा","")
```

दीड महिना हातात असला की वाढीबद्दल बोलणं, नव्या कराराची नोंदणी आणि `Dar` मधली नवी ओळ हे सगळं निवांत होतं. मुदत उलटून गेल्यावर वाढ मागायला गेलं की तेच काम अवघड होऊन बसतं.

मार्चअखेर सीएकडे जाताना आर्थिक वर्षाची मागणी, जमा आणि डिपॉझिटचा टॅब असे तिन्ही न्या. परत द्यायचं डिपॉझिट उत्पन्नात धरलं जात नाही, पण त्यातून जे भाड्यापोटी वळतं झालं ते भाडंच आहे, आणि "डिपॉझिटमधून" असं लिहिलेल्या ओळींमुळे ते लगेच वेगळं काढता येतं.

वहीतून शीटवर येताना मागची सगळी वर्षं टंकत बसू नका. येत्या महिन्याची 1 तारीख धरा. प्रत्येक भाडेकरूची त्या दिवशीची बाकी `Magani` मध्ये "मागील बाकी" म्हणून एका ओळीत टाका, हातातलं डिपॉझिट `Thev` मध्ये आणि चालू भाडं `Dar` मध्ये. मग हे तिन्ही आकडे त्या त्या भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावरच पहिल्या महिन्याची मागणी टाका.